मराठीत विचारलं की टोकन जास्त का जातात? प्रोजेक्ट करणाऱ्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात संगणक विषय शिकवतो. गेल्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या एका गटाने कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीबद्दल शेतकऱ्यांच्या प्रश्नांना मराठीत उत्तरं देणारं ॲप केलं. चाचणी इंग्रजी प्रश्नांवर झाली आणि खर्चाचा अंदाजही त्यावरूनच बांधला. मग गावातल्या लोकांना मराठीत वापरायला दिलं, तर भाषा-मॉडेलच्या सेवेत भरलेले पैसे सादरीकरणाच्या आठवडाभर आधीच संपले. बिल चुकलेलं नव्हतं, आमचा अंदाज चुकला होता. तेव्हापासून दर बॅच हेच प्रश्न घेऊन येते, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवतो.

## टोकन म्हणजे शब्द का? की अक्षर?

दोन्ही नाही. भाषा-मॉडेलला मजकूर जसाच्या तसा वाचता येत नाही. आधी त्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला ठरलेला क्रमांक मिळतो आणि मॉडेलपर्यंत फक्त ते क्रमांक जातात. असा एक तुकडा म्हणजे एक टोकन. तुकडे पाडणाऱ्या प्रोग्रामला टोकनायझर म्हणतात. त्याच्याकडे तुकड्यांची एक पक्की यादी असते. यादीत अख्खा शब्द असेल तर एका टोकनात काम होतं. नसेल तर त्या शब्दाचे जेवढे तुकडे यादीत सापडतील तेवढी टोकनं लागतात.

बाजार समितीत तूर विकायला नेली की नंबराचं टोकन मिळतं, ते माणशी एक असतं. इथे तसं नाही. एकच शब्द एका यादीत एक टोकन घेईल आणि दुसऱ्या यादीत दहा. पैसे मात्र टोकनांच्या संख्येवरच लागतात, शब्द किती होते हे बिल पाहत नाही.

## मराठी अक्षर संगणकात खरंच जास्त जागा घेतं का?

हो, आणि फरकाची सुरुवात तिथूनच होते. आज जवळपास सगळा मजकूर यूटीएफ-८ पद्धतीने साठवला जातो. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ती आखली. इंग्रजीचं साधं अक्षर तिच्यात १ बाइट घेतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट. 'चिन्ह' हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण संगणकाच्या लेखी 'का' हे एक अक्षर नाही. 'क' वेगळा आणि काना वेगळा.

म्हणून 'कापूस' मध्ये क, काना, प, दीर्घ ऊकार आणि स अशी ५ चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट. इंग्रजी 'कॉटन' रोमन लिपीत ६ अक्षरांचा, म्हणून ६ बाइट. 'शेतकऱ्यांना' मोजून बघा: श, मात्रा, त, क, ऱ, हलन्त, य, काना, अनुस्वार, न, काना. ११ चिन्हं, ३३ बाइट.

पण बाइट म्हणजे टोकन नव्हे. बाइट तिप्पट आहेत म्हणून टोकनही तिप्पट लागतील, असं गणित मांडू नका. बाइटांपासून टोकन कशी बनतात ते पुढच्या उत्तरात आहे आणि खरा निकाल तिथेच लागतो.

## मग यादी कोण ठरवतं? इंग्रजीचे अख्खे शब्द तिच्यात आणि मराठीचे नाहीत, असं का?

माणूस बसून यादी लिहीत नाही. ती मोजणीतून तयार होते. सगळ्यांत जास्त चालणाऱ्या पद्धतीचं नाव बाइट-पेअर एन्कोडिंग. फिलिप गेज यांनी १९९४ मध्ये ती फाइल लहान करण्यासाठी मांडली आणि २०१६ मध्ये सेनरिच, हॅडो आणि बर्च यांनी ती यांत्रिक भाषांतरासाठी वापरली. तिची रीत अशी. सुरुवातीला यादीत फक्त २५६ बाइट असतात. मग मजकुराचा मोठा ढीग घेऊन, शेजारीशेजारी सगळ्यांत जास्त वेळा येणारी जोडी कोणती ते मोजायचं. ती जोडी जोडून एक नवा तुकडा करायचा आणि यादीत टाकायचा. पुन्हा मोजायचं, पुन्हा जोडायचं. यादी ठरलेल्या आकाराची झाली की थांबायचं. ओपनएआयच्या जीपीटी-२ या मॉडेलसाठी अशा ५०,००० जोडण्या झाल्या. त्यांत सुरुवातीचे २५६ बाइट आणि मजकूर संपल्याची एक खूण मिळवली की यादी ५०,२५७ ची होते.

यादीत जागा मिळते ती वारंवार येणाऱ्या जोड्यांना. ढीग जवळपास सगळा इंग्रजीचा असेल तर पन्नास हजार जागांपैकी जवळपास सगळ्या इंग्रजी शब्द आणि प्रत्यय घेऊन टाकतात. मराठीच्या वाट्याला काय येतं? देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट `E0 A4` किंवा `E0 A5` असतात. ती जोडी सगळ्याच चिन्हांत येते म्हणून कशीबशी जुळते. तिसरा बाइट मात्र बऱ्याच वेळा सुटाच राहतो. अशा यादीत एकेका चिन्हालाच दोन टोकन लागतात, मग शब्द कुठून एका टोकनात बसणार?

आपल्याकडे कापूस मेटॅडोरमध्ये सुटा भरला तर गाडी लवकर भरते आणि वजन थोडंच जातं. तोच कापूस जिनिंगमधून गाठी बांधून निघाला की त्याच गाडीत कितीतरी जास्त मावतो. भाडं खेपेवर आहे. इंग्रजीच्या गाठी बांधून झाल्या आहेत, मराठी अजून बरीचशी सुटी जाते. मराठी कापसात खोट नाही, प्रेसमध्ये तो पुरेसा गेलाच नाही.

## म्हणजे मराठीचा मजकूर कमी होता, एवढंच कारण?

मुख्य कारण तेच. पण आणखी एक कारण आहे जे विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

जोड्या जुळवण्याआधी टोकनायझर मजकुराचे कच्चे तुकडे पाडतो आणि जोडणी फक्त त्या तुकड्याच्या आतच होऊ देतो. जीपीटी-२ मध्ये हा नियम साधारण असा होता: सलग 'अक्षरं' एका तुकड्यात, सलग आकडे दुसऱ्यात, बाकी चिन्हं तिसऱ्यात. इंग्रजीला हे चपखल बसतं. पण युनिकोडच्या वर्गवारीत आपला काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त 'अक्षर' गटात येत नाहीत, 'जोडचिन्ह' नावाच्या वेगळ्या गटात येतात. त्यामुळे त्या नियमाला काना हा स्वल्पविरामासारखाच दिसतो आणि शब्द तिथेच तुटतो.

'शेतकऱ्यांना' या शब्दाचे त्या नियमाने असे तुकडे होतात:

```
श | े | तकऱ | ् | य | ां | न | ा
```

आठ तुकडे. आता मराठीचा कितीही मोठा ढीग दिला असता, तरी या नियमाखाली हा शब्द आठ टोकनांच्या खाली येऊच शकत नव्हता, कारण तुकड्यांच्या सीमा ओलांडून जोडणी होत नाही. ओपनएआयच्याच पुढच्या `cl100k_base` या यादीत नियम थोडा बदलला आणि मात्रा पुढच्या अक्षरांना चिकटू लागली, तरी याच शब्दाचे सहा तुकडे उरले. त्यानंतरच्या `o200k_base` या यादीत जोडचिन्हांना अक्षरांच्या बरोबरीने बसवलं आणि शब्द पहिल्यांदाच अखंड राहिला. शब्द अखंड राहिला म्हणजे तो एकाच टोकनात बसला असं नाही. एकत्र येण्याची वाट मोकळी झाली, इतकंच.

## मराठीला प्रत्यय लागतात, त्याचा काही संबंध?

थोडा आहे. शेतकरी, शेतकऱ्याने, शेतकऱ्यांना, शेतकऱ्यांसाठी, शेतकऱ्यांच्या. प्रत्यय जोडून येतो आणि त्याआधी शब्दाचं सामान्यरूपही बदलतं. त्यामुळे एकाच शब्दाची वारंवारता अनेक रूपांत वाटली जाते आणि एकेक रूप मोजणीत मागे पडतं. हिंदीत 'किसानों के लिए' सुटं लिहितात, आपण 'शेतकऱ्यांसाठी' एकत्र. शिवाय ळ आणि ऱ ही आपली चिन्हं प्रमाण हिंदीत वापरात नाहीत, म्हणून हिंदीच्या मजकुरामुळे देवनागरीला जो आयता फायदा मिळतो त्यातून 'डाळ' आणि 'पऱ्हाटी' सुटतात. पण हा परिणाम लहान आहे. पुढच्या उत्तरातले हिंदी-मराठीचे आकडे बघा, अंतर किरकोळ आहे.

## नक्की कितीपट? आकडा सांगा.

एक प्रसिद्ध झालेली तुलना देतो. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ जाहीर करताना एकच ओळख-वाक्य वेगवेगळ्या भाषांत घेऊन जुन्या आणि नव्या टोकनायझरची टोकनं छापली होती. इंग्रजीला आधी २७ लागायची, नंतर २४. हिंदीला ९० वरून ३१. मराठीला ९६ वरून ३३.

म्हणजे जुन्या यादीत मराठी इंग्रजीच्या साधारण साडेतीन पट होती, नव्या यादीत सुमारे १.४ पट. भाषा तीच, वाक्य तेच, लिपीतले बाइटही तेच. बदलली ती यादी आणि तुकडे पाडण्याचा नियम. 'मराठी मुळातच महाग भाषा आहे' असं कोणी म्हणालं तर हे दोन आकडे दाखवा.

मात्र हे एका सोप्या वाक्याचं माप आहे. कीटकनाशकांची नावं, वऱ्हाडी बोलीतले शब्द, सातबाऱ्यातली भाषा असा मजकूर असेल तर प्रमाण वेगळं निघेल. आपल्या मजकुरावर स्वतः मोजल्याशिवाय अंदाजपत्रकात आकडा लिहू नका.

## बिलावर किती फरक पडतो, हिशोब करून दाखवाल?

बोंडअळीच्या ॲपचाच घेऊ. दर सेवेनुसार बदलतात, म्हणून इथे हिशोबापुरतं धरू की पाठवलेल्या १० लाख टोकनांना २०० रुपये आणि उत्तरात आलेल्या १० लाख टोकनांना ८०० रुपये. उत्तराचा दर पाठवलेल्यापेक्षा जास्त असणं हे बहुतेक सेवांमध्ये नेहमीचं आहे.

प्रत्येक प्रश्नासोबत मॉडेलला सूचना आणि माहितीपत्रक पाठवावं लागतं. ते इंग्रजीत ६०० टोकन, शेतकऱ्याचा प्रश्न ५० आणि उत्तर २०० धरू. एका हंगामात १०,००० प्रश्न आले.

सगळं इंग्रजीत असतं तर पाठवलेली ६५ लाख टोकनं, त्यांचे १,३०० रुपये. उत्तराची २० लाख, त्यांचे १,६००. एकूण २,९०० रुपये.

तेच मराठीत, नव्या यादीच्या मॉडेलवर १.४ पट धरून: ९१ लाख पाठवली, १,८२० रुपये. २८ लाख आली, २,२४० रुपये. एकूण ४,०६०.

आणि जुन्या यादीच्या मॉडेलवर ३.६ पट धरून: २ कोटी ३४ लाख पाठवली, ४,६८० रुपये. ७२ लाख आली, ५,७६० रुपये. एकूण १०,४४०.

दर एकच असूनही नुसत्या यादीमुळे ४,०६० चे १०,४४० झाले. मॉडेल निवडताना आमच्या गटाने फक्त दरपत्रक पाहिलं होतं. स्वस्त दराचं मॉडेल जर मराठी बारीक चिरत असेल, तर ते महाग दराच्या मॉडेलपेक्षाही महाग पडू शकतं. तुलना 'एका प्रश्नाला किती रुपये' अशी करा, 'दहा लाख टोकनांना किती' अशी नाही.

## संवाद लांबला की खर्च एकदम का वाढतो?

कारण मॉडेलला मागचं काही आठवत नाही. शेतकऱ्याने दुसरा प्रश्न विचारला की तुमचा प्रोग्राम पहिला प्रश्न आणि पहिलं उत्तर पुन्हा पाठवतो. तिसऱ्याला आधीचे दोन्ही. वरच्याच उदाहरणात नव्या यादीवर मराठीत सूचना ८४०, प्रश्न ७० आणि उत्तर २८० टोकनांचं आहे. पाच प्रश्न सुटेसुटे विचारले तर पाठवलेली टोकनं ४,५५०. तेच पाच एका संवादात विचारले तर ८,०५०. मधली ३,५०० टोकनं नुसती जुनी वाक्यं परत पाठवण्यात गेली, आणि मराठीचा गुणक त्या प्रत्येक फेरीला लागू आहे.

आमच्या गटाचे पैसे इथेच गळले. लोक एकदाच ॲप उघडून आठ-दहा प्रश्न विचारत होते. नंतर मुलांनी फक्त शेवटचा एक प्रश्न आणि त्याचं उत्तर सोबत पाठवायचं ठरवलं. त्यात तोटाही आहे: शेतकऱ्याने सुरुवातीला पेरणीची तारीख सांगितली असेल तर ती पाचव्या प्रश्नापर्यंत हरवते. म्हणून तारीख, वाण आणि एकर एवढं वेगळं जपून दर वेळी एका ओळीत पाठवायचं, असा मार्ग त्यांनी काढला. मला तो योग्य वाटतो.

## मग रोमन लिपीत मराठी लिहिली तर? बाइट तर एकच लागतो.

जुन्या यादीत टोकनं नक्की कमी होतील. नव्या यादीत किती वाचतील ते मोजूनच कळेल, कारण 'शेतकऱ्यांना' रोमनमध्ये लिहिला तरी तो इंग्रजी शब्द नसतोच, त्याचेही तुकडे पडतात.

माझा आक्षेप खर्चाचा नाही, अर्थाचा आहे. रोमनमध्ये ळ आणि ल एकच होतात, ण आणि न एकच, काना कधी लिहिला जातो कधी नाही. `bond ali` हे वाचून मॉडेलने बोंडअळी समजावी अशी अपेक्षा करणं कठीण आहे. `mal` म्हणजे माल, माळ की मळ? शिवाय प्रत्येक जण स्पेलिंग वेगळं करतो. फवारणीचं प्रमाण सांगणाऱ्या ॲपमध्ये असा धोका घेऊ नये. शेतकरी स्वतः रोमनमध्ये टाइप करत असेल तर ते स्वीकारा, पण तुमच्या सूचना आणि माहितीपत्रक रोमनमध्ये नकोत.

## सूचना इंग्रजीत आणि उत्तर मराठीत, असं चालेल का?

हे चालतं, आणि पैसे वाचवण्याचा सगळ्यांत सरळ उपाय हाच. सूचना शेतकऱ्याला दिसत नाहीत. 'उत्तर सोप्या मराठीत, पाच ओळींत द्या' एवढं इंग्रजीत लिहिलं तरी उत्तर मराठीतच येतं. वरच्या उदाहरणात ८४० ऐवजी ६०० टोकनं जातील. १०,००० प्रश्नांना २४ लाख टोकनं, म्हणजे ४८० रुपये वाचले.

पण शेतकऱ्याचा प्रश्न इंग्रजीत भाषांतरित करून पाठवू नका. 'पऱ्हाटीवर लाल्या आला' या वाक्यातला लाल्या भाषांतरात नुसता लाल रंग होऊन बसतो आणि पानं लाल पडण्याचा तो विकार गायब होतो. 'डवरणी' चंही तेच. माहितीपत्रकात अशा शब्दांची मराठी नावं देवनागरीतच ठेवा, भोवतीचं वाक्य इंग्रजीत असलं तरी चालेल.

## उत्तर अर्ध्यात तुटतं, शेवटी चौकोन किंवा � दिसतं. मॉडेल बिघडलं का?

मॉडेल ठीक आहे, बहुधा मर्यादा कमी पडली आहे. इंग्रजीवर चाचणी करताना तुम्ही उत्तराला २०० टोकनांची मर्यादा घातली असेल. मराठीत तेवढ्याच मजकुराला जास्त लागतात, म्हणून उत्तर मध्येच थांबतं. कधी तर एका चिन्हाच्या तीन बाइटांपैकी दोनच आलेले असतात आणि मग ते � दिसतं. खात्री करायची असेल तर उत्तरासोबत येणारं थांबण्याचं कारण बघा. ओपनएआयच्या चॅट एपीआयमध्ये `finish_reason` च्या जागी `stop` ऐवजी `length` असेल तर मर्यादेनेच तोडलं आहे. फवारणीच्या सल्ल्यात 'किती पाण्यात' हा भाग शेवटी येतो, म्हणून हे तुटणं गंभीर आहे.

## दोन मित्रांनी तेच वाक्य टाइप केलं, टोकन वेगळी आली. असं कसं?

दिसायला सारखं, आतून वेगळं. 'ऱ्य' दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड ऱ + हलन्त + य देतात. काही र + हलन्त + न दिसणारा एक जोडक + य देतात. हा जोडक स्वतः ३ बाइटांचा असतो, म्हणून 'शेतकऱ्यांना' ३३ ऐवजी ३६ बाइटांचा होतो आणि तुकडे बदलतात. माहितीपत्रक एकदाच साफ करून घ्या:

```python
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

याहून मोठी अडचण डीटीपीच्या दुकानातून आलेल्या फाइलची. मजकूर कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आत देवनागरी नसतेच, रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. टोकनं कमी दिसतील आणि मॉडेलला त्यातलं काहीच कळणार नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

## स्वतः मोजायचं कसं?

`pip install tiktoken` करून हे चालवा:

```python
import tiktoken

s = "शेतकऱ्यांना"
print(len(s), len(s.encode("utf-8")))

for n in ["gpt2", "cl100k_base", "o200k_base"]:
    enc = tiktoken.get_encoding(n)
    print(n, len(enc.encode(s)))
```

पहिल्या ओळीत ११ आणि ३३ आलं पाहिजे. ३६ आलं तर वरचं उत्तर पुन्हा वाचा. हे फक्त ओपनएआयच्या याद्यांचं माप आहे, दुसऱ्या कंपनीचं मॉडेल वापरणार असाल तर त्याचाच टोकनायझर घ्या.

एका शब्दावर थांबू नका. शेतकऱ्यांनी खरोखर विचारलेले तीस-चाळीस प्रश्न घ्या, त्यांचा नीट इंग्रजी अनुवाद करा आणि दोन्हींची एकूण टोकनं एकमेकांशी ताडून बघा. 'दर शब्दाला किती टोकन' हे माप दोन भाषांत वापरू नका. 'शेतकऱ्यांसाठी' हा आपला एक शब्द इंग्रजीत तीन शब्द होतो, त्यामुळे ते माप मराठीला आहे त्याहून वाईट दाखवतं.

## हॉस्टेलवर रेंज नाही. ऑफलाइन मोजता येईल का?

येईल. `tiktoken` प्रत्येक यादी पहिल्यांदा वापरताना नेटवरून उतरवतं आणि साठवून ठेवतं. कॉलेजच्या लॅबमध्ये आधी `TIKTOKEN_CACHE_DIR` या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता द्या आणि मग तिन्ही याद्या एकदा चालवून घ्या. तो फोल्डर नेला आणि तिथेही याच व्हेरिएबलमध्ये त्याचा पत्ता दिला की गावी, नेट नसलेल्या लॅपटॉपवरही मोजणी होते. लायब्ररी तेवढी आधी बसवलेली हवी.